उद्या या, मॅडम

नांदेडच्या जुन्या भागातल्या एका शाळेत मी एकवीस वर्षं क्लार्क आहे. मूळची लातूरकडच्या मुरुडची. माझ्या जिभेला हाड न्हाई असं अख्खी शाळा म्हणते, आणि मी ते कधी नाकारलं न्हाई. टेबलावर कागदांचा ढीग, कॉम्प्युटर चालला तर चालला, वर खिडकीत सदानकदा दहा पोरं. त्यातल्या नऊ जणांना मी सांगायचे, ‘उद्या ये.’ सवयच लागली होती. कुणी तोंड उघडायच्या आत माझं वाक्य तयार असायचं.

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर लगेच एका जुन्या विद्यार्थ्याचा दाखला काढायला मी रेकॉर्डच्या खोलीत गेले. खोली कसली, रजिस्टरं आणि गठ्ठ्यांनी भरलेलं कपाटच ते. वर धुळीनं बुजलेला एक झरोका, आणि दाराला बाहेरून कडी. मी खाली वाकून रजिस्टर शोधत होते, तेवढ्यात दार लागलं. वाटलं वारा असेल. मग कडीचा आवाज आला, आणि बाहेरून एक पोरगी अगदी अदबीनं म्हणाली, “मॅडम, उद्या या.” मग पळत्या पावलांचा आवाज.

मधली सुट्टी होती. मी ओरडले, दार बडवलं, पण त्या गोंगाटात कोण ऐकतंय? फोन टेबलावर राहिलेला. सुट्टी संपून तास सुरू झाले तरी ऑफिसकडं कुणी फिरकलं न्हाई, कारण आमचे शिपाईमामा बँकेत गेले होते. मला शुगर आहे. तोंडाला कोरड पडली, हातपाय कापायला लागले. जुन्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यावर बसून मी रडले. पन्नाशी उलटलेली बाई, लहान लेकरासारखी रडले. सव्वा तासानं मामांनी कडी काढली.

व्हरांड्यातल्या कॅमेऱ्यात नववीतली एक मुलगी दिसली. मुख्याध्यापिकाबाईंनी पंधरा दिवस निलंबनाचं पत्र करायला सांगितलं. शाळेतली सगळी पत्रं मीच टाइप करते, तेव्हा हेही मीच केलं, आणि एवढ्या आवडीनं मी आजवर एकही पत्र टाइप केलं नव्हतं. कडी लिहिली, शुगर लिहिली, सव्वा तास ठळक अक्षरात लिहिला. तिनं बाहेरून काय म्हटलं ते मात्र लिहिलं न्हाई. म्हटलं, त्याचा इथं काय संबंध. मामांनाही सांगितलं न्हाई.

पत्रावर सही व्हायच्या आत आमच्या भूगोलाच्या बाई मध्ये पडल्या. त्या लातूरला कसलंसं प्रशिक्षण घेऊन आल्या होत्या. निलंबनाच्या आधी एकदा ज्याला त्रास झाला आणि ज्यानं दिला त्या दोघांना समोरासमोर बसवायचं, असं त्यांचं म्हणणं. मुलीच्या वडलांनी फोनवर सांगून टाकलं होतं, पोरीला शाळेनं काढलं तर ती घरीच बसेल, पुन्हा पाठवणार न्हाई. ते रिक्षा चालवतात. बोलले ते करतील असं त्यांच्या आवाजावरून कळत होतं, असं मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या.

भूगोलाच्या बाई आधी एकट्या माझ्याशी बोलल्या. “तुमची तयारी नसेल तर बैठक होणार नाही,” त्या म्हणाल्या. “कुणीही जबरदस्ती करणार नाही. पत्र मुख्याध्यापिकाबाईंच्या ड्रॉवरमध्ये आहेच.”

“त्यात काय तयारी करायची?” मी म्हटलं. “ती कान धरून माफी मागंल, मी जा बाई म्हणंन. झालं.”

“कान धरायचे नाहीत. पाया पडायचं नाही. हा नियमच आहे.”

“मग काय आरती ओवाळायची?”

त्या हसल्या. म्हणाल्या, कुणी पाया पडलं की समोरच्याला आशीर्वादच द्यावा लागतो, मग त्याला काय झालं होतं ते बोलायचं राहूनच जातं. तुम्हाला काय झालं ते तिनं ऐकायला पाहिजे. माझ्या मनात आलं, बाईचं डोकं ठिकाणावर आहे. पण तोंडानं मी तसं कबूल केलं न्हाई.

त्या मुलीशी त्या दोनदा बोलल्या, तिच्या घरच्यांसोबत. ती काय म्हणाली ते मी खोदून खोदून विचारलं. “ते तिचं आहे, सांगायचं तर ती सांगेल,” एवढंच उत्तर. माझंही तिला सांगितलं नव्हतं. बैठकीला आपल्या बाजूचं एक माणूस आणायची मुभा होती. मी मामांना घेतलं.

शनिवारी शाळा सुटल्यावर चित्रकलेच्या वर्गात बाकं बाजूला सारून सहा खुर्च्या गोल मांडल्या. मध्ये टेबल न्हाई. टेबलाशिवाय बसायची मला सवय नव्हती, पदर कुठं ठेवावा तेही कळेना. मुलीच्या शेजारी तिची आई होती, बुरख्यातली, माझ्याहून पुष्कळ लहान. मुख्याध्यापिकाबाईही इतरांसारख्याच एका खुर्चीत. न्यायनिवाडा करायचा न्हाई असं त्यांनी आधी कबूल केलं होतं, आणि ते त्यांना फार जड जात होतं. माझ्या टेबलावरचा काचेचा पेपरवेट भूगोलाच्या बाईंनी मागून आणला होता. ज्याच्या हातात तो असेल त्यानंच बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. बोलायचं नसेल तर पुढं द्यायचा.

पेपरवेट आधी मुलीकडं गेला. बाईंनी ‘का केलंस’ असं विचारलं न्हाई. काय झालं, असं विचारलं.

“मी कडी लावली,” ती खाली बघत म्हणाली. “पाच मिन्टात उघडणार होते. मग ग्राउंडवर शिट्टी झाली, सरांनी लाइनीत उभं केलं. मग लई उशीर झाला. मग भ्या वाटलं, म्हणून गेलेच न्हाई.”

“तेव्हा तुझ्या मनात काय चाललं होतं?”

ती बराच वेळ तो पेपरवेट दाबत बसली. मग म्हणाली, “पुढं देऊ का?” बाई म्हणाल्या, “दे की.” तिनं दिला.

माझी पाळी आली. मी शुगरचं सांगितलं, अंधाराचं सांगितलं, रडल्याचंही सांगितलं. आणि जे नवऱ्यालाही नीट सांगितलं नव्हतं ते सांगितलं, की तेव्हापासून घरी न्हाणीची कडी लावायची मला हिंमत होत न्हाई, आणि रेकॉर्डच्या खोलीत एकटीनं पाऊल ठेवायचं म्हटलं की घाम फुटतो. मुलीनं मान वर केली. तिचा चेहरा पडला होता. एवढं होईल असं तिनं धरलंच नव्हतं.

एवढ्यावर थांबले असते तर माझी बाजू शंभर टक्के पक्की होती. पेपरवेट मामांकडं द्यायला मी हात पुढं केला आणि मागं घेतला. त्या पोरीनं सगळं कबूल केलं होतं, पण कडी लावताना म्हटलेलं माझंच वाक्य तिनं सगळ्यांसमोर माझ्यावर फेकलं न्हाई. माझी लाज राखून राहिली होती ती, आणि तिकडं तिची शाळा सुटायची वेळ आली होती.

“हिनं बाहेरून एक बोललं होतं,” मी म्हटलं. “‘मॅडम, उद्या या.’ ते मी पत्रात लिहिलं न्हाई. कारण ते माझंच बोलणं आहे.”

मामांना हसू आवरेना, त्यांनी तोंडावर टोपी धरली. बाकी कुणी हसलं न्हाई. पेपरवेट फिरत फिरत पुन्हा मुलीकडं गेला, आणि या वेळी तिनं तो पुढं दिला न्हाई.

“मी अकरा वेळा आले होते, मॅडम. अकरा वेळा तुम्ही उद्या म्हणलात.”

कशासाठी आली होती ते तिनं सांगितलं. शाळेच्या रजिस्टरमध्ये आईचं नाव चुकलं होतं. तिची जन्माची आई ती चार वर्षांची असताना वारली. पाचवीत नाव घालताना वडलांनी कागदांचा गठ्ठा दिला, आणि मी वरच्या आधार कार्डावरचं त्यांच्या दुसऱ्या बायकोचं नाव आईच्या रकान्यात उतरवलं. जन्मदाखला त्याच गठ्ठ्यात खाली होता. तो मी बघितला न्हाई. दहावीचा फॉर्म भरला की तेच नाव बोर्डाच्या सर्टिफिकेटवर छापून येणार आणि जन्मभर तसंच राहणार, म्हणून ती खिडकीशी येत होती. अकराही वेळा मी तिचं तोंडसुद्धा नीट बघितलं नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पेपरवेट शेजारच्या आईकडं गेला. ती दुसरी आईच. ती हळूच म्हणाली, “मेरा नाम काट डालो मॅडम. इसकी अम्मी का डालो. मैं तो घर में हूँच.”

मग भूगोलाच्या बाईंनी शेवटचा प्रश्न घेतला, आता हे नीट व्हायला काय लागेल. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, वर्गासमोर माफी मागू दे. भूगोलाच्या बाईंनी मला विचारलं, “तुम्हाला ते पाहिजे का?” नको होतं. मला पाहिजे होतं ते वेगळंच. एक, ती बाहेरची कडी काढून टाका. दोन, चार शनिवार या पोरीनं अर्धा तास माझ्यासोबत त्या खोलीत यायचं, दाराला वीट लावून. माझी भीती मोडेपर्यंत. मुलगी लगेच मान डोलावून ‘हाव’ म्हणाली. आणखी एक तिनं स्वतःहून सांगितलं, की वर्गातली पोरं त्या प्रकारावर हसून राहिली होती, त्यांना ती सव्वा तासाचं खरं सांगेल. नाव दुरुस्तीचा प्रस्ताव शिक्षण विभागात मी स्वतः घेऊन जायचं ठरलं. आणि खिडकीत ‘उद्या ये’ बंद. काम का अडलं आणि कधी होईल ते चिठ्ठीवर लिहून द्यायचं. हे सगळं मुलीनं आपल्या अक्षरात लिहिलं, आम्ही सहाही जणांनी सह्या केल्या. तीन आठवड्यांनी पुन्हा बसायचं, तोवर पत्र बिनसहीचं ड्रॉवरमध्ये.

मी प्रस्ताव घेऊन शिक्षण विभागात गेले. तिथल्या क्लार्कनं मान वर न करता सांगितलं, “उद्या या, मॅडम.” मला एवढं हसू आलं की तो दचकला. चार चकरा झाल्या. तीन आठवड्यांनी आम्ही पुन्हा बसलो तेव्हा कडी निघालेली होती, तीन शनिवार झालेले होते, वर्गाशी बोलणंही झालेलं होतं. माझंच काम तेवढं अडलं होतं. मुलीनं विचारलं, “मॅडम, माझं झालं का?” आणि मला म्हणावं लागलं, “उद्या.” ती खळखळून हसली, मीही हसले. ते निलंबनाचं पत्र मुख्याध्यापिकाबाईंनी माझ्याच हातात दिलं. मी फाडलं.

चौथ्या शनिवारी मी तिला म्हटलं, “तू आज बाहेर थांब.” मी एकटी आत गेले, रजिस्टर काढलं आणि परत आले. ती दारातच उभी होती, विटेवर पाय ठेवून.

मंजुरी जानेवारीत आली. मायलेकींना बोलावून घेतलं. जुन्या नावावर लाल शाईची रेघ मारली, वर जन्मदाखल्यावरचं नाव लिहिलं, मुख्याध्यापिकाबाईंनी शेजारी सही केली. मुलीनं ते नाव तीनदा वाचलं. तिची दुसरी आई, तिची छोटी अम्मी, मागं उभी होती. आपल्या नावावरची लाल रेघ ती बघत होती, आणि “अच्छा हुआ” म्हणाली.

मुलीनं वळून तिच्याकडं बघितलं. मग माझ्याकडं.

“मॅडम, हिचं पण कुठं तरी लिवा ना.”

रजिस्टरात तिच्यासाठी रकाना नव्हता. मी कपाटातून मुलीचं प्रगतिपुस्तक काढलं. पालकाचं नाव, असं लिहून पुढं जागा कोरी होती. खिडकीत पोरं दाटली होती, एकाचा बोनाफाइड, एकाची बसपासची सही. मी त्यांना म्हटलं, दम धरा, आणि पेन उघडून त्या बाईला विचारलं, “तुमचं नाव नीट सांगा. या वेळी मी विचारून लिहिते.”