दोन पावलं रिकामी

बोरगाव मेघेच्या भागीरथाबाईंचा गळा मोठा, आणि तो मोठा आहे हे त्यांना चांगलं माहीतही होतं. शिवरात्रीला डोंगरावरच्या महादेवाला पायी निघणाऱ्या साठ बायांच्या पुढं गाणं म्हणायचं काम त्यांचंच. मागल्या वर्षी मात्र रांग मधूनच तुटली. शेवटी चालणारी रुख्माबाई, जिला दोन हातांपलीकडं सगळं धूसर, ती भलत्याच फाट्याला लागली. म्हणून यंदा यात्रेचे कारभारी रूपराव म्हणाले, "काकू, मागच्या म्हाताऱ्याइले टेम्पोतच बसवू."

रुख्माबाईचा नवस पायी जायचा. "देवाले काय सांगू, चाकं फिरवत आली म्हणून?"

भागीरथाबाई म्हणाल्या, "थांब, मी गाणंच असं करतो का तू सुटणार नाई."

गाणं झालं. 'जटेत गंगा, गळ्यात नाग', चार शब्द, चार पावलं. मागच्यांनी म्हणायचं, 'पार्वतीच्या पती'. पहाटे सेवाग्रामच्या रस्त्यावर दोघींनी ते चालून पाह्यलं. भागीरथाबाई पुढं, रुख्माबाई काठी टेकत दोनशे पावलं मागं.

"मले काईच आलं नाई वं ऐकू," रुख्माबाई जवळ येईतोवर थांबून भागीरथाबाई म्हणाल्या.

"काऊन येईन? पती म्हणता म्हणता तोंड मिटते. तोंड उघडं राह्यलं पाह्यजे."

तेव्हा उत्तर झालं 'देवा हो'. 'देवा'ला एक पाय, 'हो'ला दुसरा. आता आवाज आला, पण भागीरथाबाईंच्या पुढच्या ओळीवर येऊन आदळला. काठीचा ठेकाही चुकला.

"माह्यं 'हो' पोचतपर्यंत तुह्यं दुसरं सुरू," रुख्माबाई म्हणाली. "जरा दुसऱ्याचंही ऐकत जाय."

पन्नास वर्षांच्या मैत्रिणीनं असं म्हटलं की लागतंच. भागीरथाबाईंनी रस्त्यावर पावलं मोजून पाह्यली. मग म्हणाल्या, "चार पावलं माह्यी, दोन तुमची, आणि दोन रिकामी. त्यात मी फक्त ऐकीन."

गप राहणं त्यांना गाण्याहून जड गेलं, पण जमलं.

शिवरात्रीला रूपरावांनी टेम्पो मागं ठेवलाच. रांग वळणाला आली, शेपूट दिसेना. भागीरथाबाईंनी ओळ म्हटली. जवळच्यांचं 'देवा हो' आलं, दूरचं आलं नाही. एक रिकामं पाऊल, दोन. त्यांनी पुढची ओळ उचलली नाही, जागीच पाय आपटत राहिल्या. पुढच्या बायाही पाय आपटत थांबल्या. मधलं अंतर भरत गेलं.

मग वळणाच्या मागून एकटंच, उशिरा, पण काठीच्या ठेक्यावर आलं, "देवा हो."

भागीरथाबाईंनी पुढची ओळ उचलली. डोंगराच्या पायथ्याशी टेम्पोतून फक्त पाण्याच्या कॅन उतरल्या.