पंचवीस जानेवारीपर्यंत

सत्यशीलाचे वडील धुळाजी मेंढरं घेऊन आठ महिने गावाबाहेर असायचे. त्यांची मुलगी कॅमेरा खांद्याला लावून गावोगाव हिंडते, याचं जाफराबादच्या लोकांना आता नवल उरलेलं नाही. फोटो स्टुडिओत अल्बम चिकटवता चिकटवता ती शूटिंग शिकली, मग संगणकावर एडिटिंग शिकली. लग्नं, बारशी, निरोप समारंभ करता करता नवीन जालन्यातल्या एका बियाणे कंपनीचं काम तिच्याकडे चालत आलं.

काम मोठं होतं. शेडनेटमध्ये, म्हणजे जाळीच्या मांडवात, मिरचीचं संकरित बियाणं कसं तयार करतात, यावर बायांना शिकवण्यासाठी फिल्म करायची होती. मादी झाडाच्या कळीतले पुंकेसर चिमट्यानं अलगद काढायचे, दुसऱ्या दिवशी सकाळी नर झाडाचे पराग लावायचे, खूण म्हणून दोरा बांधायचा. पुढे दोरा बांधलेली फळं लाल झाली की तोडायची आणि बी काढून वाळवायचं. पराग लावण्याच्या कामाला सगळे लोक क्रॉसिंग म्हणतात. कंपनीसाठी बियाणं करणारे शेतकरी तातेराव आणि त्यांची बायको साळूबाई यांच्या शेडनेटमध्ये शूटिंग ठरलं. फिल्म द्यायची तारीख पाच जानेवारी.

क्रॉसिंगचा भाग फार चांगला झाला होता. साळूबाईच्या बोटांतली कळी पडद्यावर एवढी मोठी दिसायची, की रामप्रसाद, म्हणजे सत्यशीलाचा नवरा, पाहतच बसला होता. राहिली होती ती तोडणी. आणि तिथेच घोळ झाला. डिसेंबरात तातेरावांची पहिली तोडणी निघाली, तेव्हा सत्यशीला लग्नाच्या शूटिंगसाठी बुलढाण्याकडे गेली होती. तातेरावांनी फोन केला होता. तिनं सांगितलं, "काका, पुढच्या तोडणीला येते, आहे की अजून माल झाडावर." माल होता, पण नंतर अशी थंडी पडली, की फळं हिरवीच्या हिरवी राहिली.

महिनाअखेर ती पुन्हा शेडनेटमध्ये गेली. तातेरावांनी एक फळ दाबून पाहिलं आणि मान हलवली.

"अशी थंडी राह्यली तर संक्रांतीच्या आत लाल होत न्हाई, पोरी. कच्चं तोडलं तर बी पोचट निघंन."

"बिलकुल न्हाई का, काका?"

"म्या म्हणून काय होतंय? फळाला बराबर पिकू दे."

घरी आल्यावर तिनं रामप्रसादला सांगितलं. तो म्हणाला, "दुसऱ्याच्या शेतातली लाल मिरची दाखवून दे ना. कोणाला कळतंय?"

"वाण दुसरं हाये. कंपनीवाल्यांनाच दाखवायचंय, त्यांना कळणार न्हाई का? आन् नाही कळलं तरी बाया चुकीचं शिकतील."

"मंग थंडीचं सांग. थंडी तर खरीच पडून राह्यली."

तेच तर तिला सलत होतं. थंडी खरी होती, पण अर्धीच. लग्नाला गेली नसती तर फिल्म कधीच पुरी झाली असती. रात्रभर तिनं फोनवर बोलायचं वाक्य जुळवलं आणि सकाळी ठरवलं, फोन नकोच. एसटी धरली आणि ती थेट जालन्याला गेली.

कंपनीच्या उत्पादन विभागाचं काम राधेश्यामजी पाहायचे. शांत माणूस, पण तारखेचा कडक. त्यांनी चहा मागवला आणि विचारलं, "फिल्म घेऊन आलात का, ताई?"

"अर्धी आणली, साहेब. अर्धी वेळेत होत न्हाई, तेच सांगायला आले." ती एका दमात बोलून गेली. "दोन कारणं हायेत. एक माझं हाये. पहिल्या तोडणीला मी लग्नाच्या कामाला गेल्ते, ती माझी चूक. दुसरं, थंडीनं पुढची तोडणी लांबली. तातेरावकाका म्हणतेत संक्रांतीनंतरच निघंल."

राधेश्यामजी कॅलेंडरची पानं उलटून पाहू लागले. कपातल्या चहावर साय आली. तिला वाटलं, आता हे काम गेलं.

"आधी सांगायला पाहिजे होतं," ते म्हणाले. "लग्नाला जातानाच."

"हो साहेब. तवा मला वाटलं, होऊन जाईल."

"दाखवा काय झालंय ते."

तिनं लॅपटॉप उघडला. राधेश्यामजी खुर्ची ओढून जवळ बसले. पराग लावायचा भाग त्यांनी दोनदा मागे नेऊन पाहिला. मग ते म्हणाले, "आठ तारखेला मजूर बायांचं प्रशिक्षण आहे. त्यांना आत्ता एवढंच शिकवायचंय. तोडणीचं प्रशिक्षण फेब्रुवारीत. हा भाग पाच तारखेला पक्का देता का?"

"हा भाग तयारच हाये. आवाज तेवढा नीट करायचाय. तीनलाच देते."

"आणि बाकीचा? वीसला द्या."

'हो' तिच्या ओठांवर आलं होतं. समोरचा माणूस एवढा नरम झालेला असताना नाही कसं म्हणायचं? पण तिनं मनात हिशेब केला. संक्रांतीनंतर तोडणी, मग बी काढणं, सावलीत वाळवणं, त्यानंतर कुठे एडिटिंग.

"मी वीस म्हणाले तर पुन्हा मुदत मागायला यावं लागंल, साहेब. पंचवीस द्या. त्याच्या आधीच झालं तर आधीच पाठवते."

राधेश्यामजी पहिल्यांदाच हसले. "ठीक. पण मला वरती दाखवायला लागेल. मेल करा. जसं बोललात, तसंच लिहा."

बसस्थानकावर बसून तिनं फोनवर मेल लिहिला: 'पहिल्या तोडणीच्या वेळी मी दुसऱ्या कामावर असल्याने चित्रीकरण राहिले. थंडीमुळे पुढची तोडणी संक्रांतीनंतर होईल. क्रॉसिंगचा भाग तीन जानेवारीला देते. तोडणी व बी काढण्याचा भाग देण्यासाठी पंचवीस जानेवारीपर्यंत मुदत मिळावी.' पाठवण्याआधी पहिलं वाक्य खोडावं असं एकदा वाटलं. खोडलं नाही.

भोकरदन मागे पडलं तेव्हा उत्तर आलं. 'नवीन तारखा मान्य. ऑर्डरमध्ये तशी दुरुस्ती केली आहे.' तिनं ते वाचलं, खिडकी थोडी सरकवली आणि कितीतरी दिवसांनी एसटीत गाढ झोपली. जाफराबाद आल्यावर कंडक्टरनं हाक मारून उठवलं.

घरी रामप्रसाद दारातच होता. "काय म्हणले?"

"रागावले थोडे. मंग मान्य केलं."

"लग्नाचं सांगितलं?"

"सांगितलं."

"मला वाटलंच, तू सांगितल्याबगर राहायची न्हाईस," तो म्हणाला आणि तिच्या हातातली बॅग घेतली. त्या दिवशी तिनं दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

तीन तारखेला पहिला भाग गेला. संक्रांत झाली, ऊन चढू लागलं आणि शेडनेटमध्ये दोरे बांधलेली फळं लाल दिसू लागली. तोडणीच्या आदल्या दिवशीच ती तातेरावांच्या घरी मुक्कामाला गेली. लग्नाचं एक काम आलं होतं, ते तिनं दुसऱ्या फोटोग्राफरकडे पाठवून दिलं.

सकाळी साळूबाईनं पदर खोचला, हातमोजे चढवले आणि ती दोरा असलेलं फळ तेवढं तोडत पुढे निघाली. बिनदोऱ्याचं, म्हणजे क्रॉसिंग न झालेलं फळ चुकून हातात आलं की बाजूला टाकायची. सत्यशीला कॅमेरा घेऊन तिच्या मागे. घाई नव्हती. ढग आला तर ती थांबायची, ऊन पडलं की पुन्हा सुरू.

"ह्या बारीला काय शांत हायेस तू," साळूबाई म्हणाली. "मागल्या वेळी नुस्तं जल्दी जल्दी करून राह्यल्तीस."

बी काढताना दोघींना शिंकांवर शिंका आल्या. तो आवाजही रेकॉर्ड झाला. तो मात्र तिनं कापला.

चोवीस तारखेला दुपारी फिल्म गेली. संध्याकाळी राधेश्यामजींचा फोन आला. "सगळं बराबर आहे. फिल्मच्या शेवटी साळूबाईंच्या नावात तेवढी चूक झालीय, 'ळ'चा 'ल' झालाय."

"लगेच दुरुस्त करते, साहेब."

"उद्या केलं तरी चालेल," ते म्हणाले. "उद्या पंचवीसच आहे."