रक्तस्रावात आयतुल कुर्सी

"एटिपिकल हायपरप्लेसिया," डॉक्टरबाई म्हणाल्या. गर्भाशयाचं अस्तर जाड झालंय, पेशी बदलल्यात. पुढे कर्करोग होऊ शकतो, कदाचित झालाही असेल. गर्भाशय काढावं लागेल.

माझी पत्नी शमीम सत्तेचाळीस वर्षांची. हिमोग्लोबिन सात पूर्णांक दोन. बाईला बारा तरी हवं. पाळी लांबतेय, हे तिनं मला सांगितलं नव्हतं. पण घराबाहेर पडताना ती आयतुल कुर्सी, कुराणातली रक्षणासाठी वाचतात ती आयत, वाचायची, झोपताना वाचून मुलींवर फुंकर घालायची. ते बंद झालं होतं. मला वाटलं, दमत असेल.

शमीम डॉक्टरांना म्हणाली, "आधी रक्त थांबू दे. पाक-साफ होते, आयत वाचते, मग येते."

"ताई, ते तुमची सवड बघून थांबणार नाही."

खडकीच्या घरी परतल्यावर ती रडली. पाळीत कुराण पढायचं नाही, एवढं तिला ठाऊक होतं. भूल देतील, जीव दुसऱ्याच्या हाती, आणि तोंडात आयत नाही. तिनं तारीख घेऊच दिली नाही.

मी तिच्या खालाला, म्हणजे मावशीला बोलावलं. त्या मुलींना दीन, म्हणजे धर्म शिकवतात. त्यांनी आधी दिवस मोजायला लावले.

"आपल्या हनफी मतात पाळी फार तर दहा दिवस. तुझं रक्त त्यापुढे गेलंय, म्हणजे नेहमीच्या सहा दिवसांनंतरचं सगळं आजाराचं. इस्तिहाज़ा. त्यात नमाज माफ नाही. दर नमाजाच्या वक्ताला नवा वुजू कर, हात-तोंड-पाय धू आणि पढ. कुराणही पढ."

"आणि पाळीतच असते तर?"

"तिलावत, म्हणजे कुराणाचं पठण म्हणून नाही. पण दुआ म्हणून, हिफाजतीसाठी आयतुल कुर्सी वाचता येते. दार उघडं होतं गं, तूच कडी लावून बसलीस. नवऱ्याला तरी विचारायचं!"

"त्यांना? ते किराण्याचा हिशेब मागतात, रक्ताचाही मागतील."

शमीम बऱ्याच दिवसांनी हसली. तारीख ठरली.

तिला दोन बाटल्या रक्त चढवलं. थिएटरच्या दारात स्ट्रेचरवर तिनं आयत वाचली. मी बाहेर बाकावर अर्थ मनात धरून वाचत होतो: अल्लाहशिवाय ईश्वर नाही, तो सदैव जिवंत, सर्वांना सांभाळणारा. त्याला ना डुलकी, ना झोप. आकाशांत, पृथ्वीवर जे आहे ते त्याचं. त्याच्या परवानगीविना त्याच्यापाशी रदबदली कोण करेल? पुढचं-मागचं तो जाणतो. तो देईल तेवढंच ज्ञान आपल्याला. त्याची कुर्सी आकाश-पृथ्वी व्यापून आहे, त्यांच्या राखणीचा त्याला शीण नाही. तो सर्वोच्च, महान.

रदबदलीच्या ओळीशी मी दर वेळी अडखळलो. मला तेच तर करायचं होतं.

हिस्टोपॅथॉलॉजीचा, म्हणजे काढलेल्या अवयवाच्या तपासणीचा अहवाल आला. कर्करोग होता, अस्तरातच, स्नायूत उतरलेला नाही. किमोची गरज नाही, पण दर सहा महिन्यांनी तपासणी.

आयतीनं बरं केलं की शस्त्रक्रियेनं, मला विचारू नका. आयत वाचल्याशिवाय शमीम त्या दारातून आत गेली नसती, एवढं मी सांगू शकतो. डॉक्टरबाईंचे आणि खालांचे उपकार मी वेगळे काढू शकत नाही.

तुमच्या घरात कुणी असं गप्प झालं असेल, तर विचारा. डॉक्टरला आणि दीन जाणणाऱ्या आलिमालाही. राखणीचा शीण अल्लाहला नाही, आम्हाला आहे. पुढची तपासणी जवळ आली की आम्ही दोघंही जेवत नाही नीट.