शेवंताचा स्वतःचा परवाना

परळच्या प्रसूतिगृहातली नर्स शेवंता नवऱ्याकडे मोंबासाला निघाली, म्हणून लालबागच्या चाळीनं तिची ओटीसुद्धा भरली. राजीनामा पिशवीत तयार होता. तिथं दुप्पट पगार मिळेल, असं चाळीतल्या बायका सांगत होत्या.

गिरगावात बोटीचं तिकीट काढायला गेली, तर कारकून गुणाजीनं कागद वाचून मान हलवली. बाहेर संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणा चालल्या होत्या, म्हणून तो मोठ्यानं बोलला, "बाई, हा अवलंबितांचा पास. नवऱ्याजवळ राहाल, नोकरी नाही करता येणार. त्याला तुमच्या नावाचा वेगळा परवाना लागतो."

"गुपचूप केली तर?"

"सापडलात तर परत पाठवतील."

शेवंतानं तिथंच राजीनामा फाडला. भरल्या ओटीनं माघारी आली म्हणून चाळ कुजबुजली. "ओटी कुठं पळून जात नाही!" ती कडाडली.

तिनं टपालानं पाठवलेली प्रमाणपत्रं घेऊन नवरा विश्राम मोंबासातले दवाखाने फिरला. एकानं नोकरी देऊ केली, अर्ज गेला आणि आठ महिन्यांनी परवाना आला.

मोंबासाच्या बंदरावर अधिकाऱ्यानं विचारलं, "कुणाची बायको?"

"विश्रामची," परवाना पुढं करत शेवंता म्हणाली, "पण आधी नाव वाचा. माझं आहे."