भाऊच्या डोक्यावरची रेघ

माझी मुलगी भांडत नाही, ही माझी सध्याची काळजी. याआधीच्या काळज्या होत्या तिचे डोळे, तिची मान आणि निम्मा भरलेला परत येणारा डबा. त्या कुठे गेल्या नाहीत, पण ही नवी त्या सगळ्यांच्या डोक्यावर चढून बसली आहे. कोणी दुसऱ्याची चूक तिच्या पदरात टाकली, तर ही पदर नीट पसरून घेते आणि वर विचारते, "अजून काही आहे का?" सत्तावीस वर्षांची झाली. हे तिने कोणाकडून उचललं, देव जाणे. माझ्याकडून नक्कीच नाही.

घरात तिला मुंगी म्हणतात. नाव तिच्या बाबांनी ठेवलं, ती तिसरीत असताना. वहीच्या एका ओळीत ती तीन ओळी बसवायची. बाईंनी शेरा मारला होता, "अक्षर सुंदर असावे, दिसत मात्र नाही." मी रोज संध्याकाळी तिला पुढ्यात घेऊन बसायचे. माझा सगळा जोर डोक्यावरच्या रेघेवर. "रेघ पूर्ण ओढ. रेघेवाचून अक्षर म्हणजे बिनछपराचं घर." ती मान डोलवायची आणि आणखी बारीक लिहायची.

पदवी घेतल्यावर तिला एका कंपनीत नोकरी लागली होती. दोन महिन्यांत सोडली आणि अंगठ्यांवर नावं कोरायला जाऊ लागली. मी आठ दिवस नीट जेवले नाही. तिचे बाबा म्हणाले, "अगं, मुंगीला मुंगीएवढं काम मिळालं, तुझं काय बिघडलं?"

दुकान काकांचं. काका आमचे कोणी लागत नाहीत, सगळा बाजार त्यांना काका म्हणतो. एक खिडकी, खिडकीला लागून टेबल आणि गिऱ्हाइकांसाठी एक बाक. बाकावर तिसरा माणूस बसला की पहिल्याला उठावं लागतं. मी डब्याच्या निमित्ताने जायचे आणि त्या बाकाच्या टोकावर टेकायचे. तिथे बसून बसून मलाही त्या कामातलं थोडं कळायला लागलं. निदान तसा माझा समज होता.

अंगठी लाकडाच्या शिकंज्यात घट्ट बसवतात. तिच्यावर पांढऱ्या रंगाचा पातळ हात फिरवतात आणि सुईने अक्षरं आखतात. मग कोरणी. कोरणीचा हात जवळजवळ जागचा हलत नाही. डाव्या हाताने शिकंजा फिरवून अंगठीच कोरणीखाली आणायची. वरच्या बाजूला फुगीर असलेल्या अंगठीचे काठ उतरते असतात, तिथे कोरणी घसरते. म्हणून अक्षरं मधल्या सपाटशा पट्टीतच बसवायची. बोटात घातल्यावर समोरून अंगठीचा जेमतेम तिसरा हिस्सा दिसतो, बाकीचा बोटाच्या बगलेला वळतो. तेव्हा अक्षर उंच आणि अरुंद हवं. गोल गरगरीत अक्षरं काढली तर पहिलं एका बगलेला जातं, शेवटचं दुसऱ्या, आणि समोर नुसतं पोट दिसतं.

काकांचा एक नियम होता. बारीक कामात डोक्यावरची रेघ द्यायची नाही. "रेघ जागा खाते आणि अक्षरं एकमेकांना चिकटवते," ते म्हणायचे. "डोकं मोकळं ठेवलं की अक्षर श्वास घेतं." मी मुंगीला कितीदा म्हटलं असेल, "सगळी टकली अक्षरं काढतेस गं!" ती हसायची आणि काम चालू ठेवायची.

मागच्या महिन्यात काका दोन दिवस गावाला गेले. जाताना पहिल्यांदाच किल्ली मुंगीच्या हातात दिली. आल्यावर अक्षरांचं सगळं काम तिच्याकडे सोपवायचं आणि आपण फक्त डाग द्यायचं, म्हणजे सांधे जोडायचं, काम बघायचं, असं त्यांच्या मनात होतं. ती दुसऱ्या कोणासमोर नाचली असती. माझ्यासमोर फक्त म्हणाली, "आई, उद्या डबा जरा लवकर आण."

मी लवकर नेला. बाकावर दोन बहिणी बसल्या होत्या. त्यांचा भाऊ शाळेत व्यायामशिक्षक, चार दिवसांनी निवृत्त व्हायचा होता. त्याच्यासाठी सोन्याची अंगठी आणली होती आणि तिच्यावर बाहेरून अक्षरं हवी होती.

"'आमचा लाडका भाऊ' असं घाला," थोरली म्हणाली.

"लाडका कसला?" धाकटी म्हणाली. "लहानपणी माझी वेणी खिडकीला बांधून ठेवायचा."

"तुझी बांधायचा. माझा लाडकाच आहे."

मुंगीने कागदाची पट्टी अंगठीभोवती गुंडाळून दाखवली. "एवढं मावणार नाही. 'लाडका' पाठीमागे जाईल."

"जाऊ दे पाठीमागे," धाकटी म्हणाली. "तिथेच शोभेल."

शेवटी 'आमचा भाऊ' ठरलं. मुंगीने आखून दाखवलं. भिंगातून बघितलं तर अक्षरं अरुंद, एकसारखी, ताठ उभी. भ च्या डाव्या खांद्यावर छोटीशी वळलेली गाठ, त्यावरून तो म पासून वेगळा कळत होता. काम तिथे संपायला हवं होतं. पण मी बोलले.

"रेघ नाही दिलीस?"

"काका देत नाहीत."

"काका नाहीत ना इथे. शिक्षकाची अंगठी आहे, शाळेत सगळे बघणार. बिनरेघेची अक्षरं बघून काय म्हणतील?"

थोरलीने लगेच मान वळवली. "तुम्ही शिकलेल्या दिसता. बरोबर आहे तुमचं. रेघ हवी."

मुंगीने माझ्याकडे एकदा पाहिलं. मग आखणी पुसली आणि रेघेसकट पुन्हा आखली. भ वर रेघ मध्ये तोडावी लागते, हे तिला ठाऊक होतंच. कोरताना तिने तिथे केसाएवढी फट ठेवली, रेघ उथळ ठेवली आणि उभ्या काना-दांड्या तेवढ्या खोल घेतल्या. मी माझ्या वाचायच्या चष्म्यातून बघितलं आणि म्हटलं, "अगदी पुस्तकातल्यासारखं."

थोरलीने अंगठी हातात घेऊन खिडकीकडे धरली. "रेघ फिकी वाटते हो. आमच्या भावाचे हात म्हणजे कुदळ. महिन्यात पुसून जाईल. जरा ठळक करा ना."

मुंगी म्हणाली, "खोल केली की रेघ रुंद होईल."

"होऊ दे की," मी म्हटलं. हो, मीच.

कोरणीचं टोक निमुळतं असतं. जितकी आत जाईल तितकी वर चीर रुंद होते. मुंगीने रेघेवरून कोरणी दुसऱ्यांदा फिरवली. फटीच्या दोन्ही बाजूंच्या चिरा एकमेकींकडे सरकल्या आणि मधली केसाएवढी सोन्याची भिंत ढासळली. भ ची ती गाठही रेघेत बुडाली. मुंगी बराच वेळ भिंगातून बघत राहिली. "आई," ती म्हणाली, "जरा वाच."

मी चष्मा पुसला आणि वाचलं, "आमचा भाऊ." मला जे वाचायचं होतं तेच मी वाचलं. थोरलीनेही तेच वाचलं, कारण तिला भाऊ होता. मुंगी म्हणाली, "मला खात्री वाटत नाही, उद्या न्याल का?" पण त्यांची बस होती. अंगठी डबीत गेली. तेवढ्या वेळात मी थोरलीकडून डोळ्यांच्या एका चांगल्या डॉक्टरांचं नाव विचारून घेतलं, मुंगीला दाखवायला. तिने आपला नंबरही दिला. माझ्या फोनमध्ये ती 'डोळ्यांच्या डॉक्टरवाल्या बाई' म्हणून आहे.

पुढचं सगळं दुकानात धाकटीकडून कळलं, मला मात्र फार उशिरा. ती दुकानात आली ती हसून हसून बोलेना, आणि थोरली तिच्या शेजारी रागाने बोलेना. समारंभात मुख्याध्यापकांनी माईक हातात घेतला, अंगठी बोटात घालायच्या आधी डोळ्यांपासून लांब धरली आणि अख्ख्या शाळेसमोर वाचलं, "आमचा... माऊ."

भाऊ सहा फूट. आवाज असा की मैदानापलीकडची पोरं सावधान उभी राहतात. आणि मिशा, धाकटी म्हणाली, दोन्ही बाजूंना ताठ, मांजराच्या असतात तशा. मागच्या बाकावरून कोणीतरी हळूच "म्यांव" केलं. मग अख्ख्या सभागृहाने.

"हसतेस काय!" थोरली ओरडली. "त्याने अंगठी काढून खिशात टाकली. माझ्याशी बोलत नाही."

"माझ्याशी बोलतो," धाकटी म्हणाली. "माझी तर वेणीची भरपाई झाली."

तोवर काका परतले होते. त्यांनी धाकटीच्या फोनमधल्या अंगठीच्या फोटोवर भिंग धरलं आणि लांब श्वास सोडला. दुरुस्ती होते, ते म्हणाले. चिरेत त्याच कसाच्या सोन्याची तार बसवायची, डाग द्यायचा, कानशीने सपाट करायची आणि तेवढंच अक्षर पुन्हा कोरायचं. सगळी अंगठी घासून काढली तर पातळ होईल. पण अंगठी भावाच्या खिशात, आणि भाऊ ती द्यायला तयार नाही. थोरली जाता जाता बोलून गेली, "वाचता न येणाऱ्या मुलीकडे अक्षरं कशाला देता?"

काकांनी मुंगीला विचारलं, "मी सांगितलं होतं ना रेघ द्यायची नाही?" ती म्हणाली, "हो." एवढंच. मग काकांनी तिला अक्षरांवरून काढलं. महिना झाला, ती फक्त तारखा कोरते. आकड्यांना रेघ नसते. काका म्हणतात, त्या बाई स्वतः येऊन समाधान झालं म्हणाल्या तरच अक्षरं. नाहीतर नवीन कारागीर बघतो. तो त्यांनी पाहूनही ठेवलाय, पुढच्या सोमवारी येणार आहे.

महिनाभर डबा ती स्वतःच नेते आहे, म्हणून हे सगळं मला आज जेवताना कळलं, तेही तिच्या बाबांनी 'काय गं, आजकाल कोणाची नावं?' असं सहज विचारल्यामुळे.

"तू काकांना सांगितलं का नाहीस?" मी विचारलं.

"काय सांगू? माझी आई आली होती म्हणून?"

"हो! तेच!"

"सत्तावीस वर्षांची आहे मी, आई. कोरणी माझ्या हातात होती." आणि भांडं उचलून आत गेली.

तिचं म्हणणं चूक नाही. कोरणी तिच्या हातात होती. पण तिने मला 'जरा वाच' म्हटलं होतं, आणि माझ्या शब्दावर तिने अंगठी जाऊ दिली. थोरलीला हे माहीत आहे. ती तिथेच उभी होती. तिला आठवण करून द्यायला कोणीतरी हवं, बस. मुंगी ते करणार नाही. ती तारखा कोरत बसेल आणि सोमवारी आपली कोरणी कापडात गुंडाळून घरी आणेल.

दुकान साडेनऊला उघडतं. थोरलीला मी उद्या सकाळी आठला फोन करणार आहे. आधी सांगेन की रेघ मी मागितली, ठळक तिने मागितली आणि वाचलं आम्ही दोघींनी. मग म्हणेन, भावाच्या खिशातली अंगठी घेऊन या, मी तुमच्याबरोबर काकांकडे येते. ती चिडली तर चिडू दे. डॉक्टरांची वेळ मी माझ्यासाठीच घेते म्हणेन.