डब्याचा रकाना

त्याचं चांगलं झालं की माझ्या पोटात दुखायचं. हे आता सरळ सांगून टाकतो. आम्ही दोघे उंब्रजचे, एकाच बाकावरचे. दहावीत आणि पुढे संख्याशास्त्राच्या पदवीत एखाद्या गुणाचा फरक. मिरजेच्या एका हॉस्पिटलात आकडेवारी बघायला लागलो तेही एकाच महिन्यात. तरी कुठं अडलं की डॉक्टर मंडळी हाक मारायची ती त्यालाच. पुढेपुढे करतो, दुसरं काय, असं मी बायकोला सांगायचो.

विभागप्रमुखाची एकच जागा निघणार होती. त्याच सुमारास मोठ्या डॉक्टरांनी एक काम दिलं, आणि दिलं मला, त्याला नव्हे! खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झालेल्या म्हाताऱ्यांपैकी काहींच्या घरी जाऊन हॉस्पिटलचा माणूस व्यायाम शिकवायचा. सहा महिन्यांनी त्यांतले बरेच जण काठीशिवाय चालायचे, बाकीच्यांतले कमी. हा गुण व्यायामाचाच का, ते सांगायचं होतं. तसं ठरलं तर उपक्रम सातारा-सांगलीभर न्यायचा होता.

नुसती तुलना चालली नसती. चिठ्ठ्या टाकून थोडेच निवडले होते? उपक्रमातले मुळातच वयाने कमी, मधुमेह कमी, रक्त चांगलं. म्हणून मी प्रोपेन्सिटी स्कोअर काढला. केसपेपरवर वय, मधुमेह, हिमोग्लोबिन, गावाचं अंतर असं जे लिहिलेलं होतं, त्यावरून प्रत्येक पेशंट उपक्रमात येण्याची शक्यता किती, तो हा आकडा. मग उपक्रमातल्या एकेकाला जवळपास तेवढ्याच आकड्याचा, पण उपक्रमाबाहेरचा जोडीदार शोधला. ज्यांना मिळाला नाही ते वगळले. आता दोन्ही गटांचं वय जुळलं, मधुमेह जुळला, सगळं जुळलं; चालण्यातला फरक मात्र टिकला. तो तक्ता मी मुद्दाम त्याच्या टेबलावर नेऊन ठेवला.

"लय झ्याक जुळलंय," तो म्हणाला. "पर उपक्रमात नावं घालतं कोण?"

"घालत असतील कोणीतरी," मी म्हणालो. मला मिरच्या झोंबल्या होत्या.

साताऱ्याला दोन्ही जिल्ह्यांच्या डॉक्टरांसमोर माझ्या कामाची मांडणी होती. सकाळी त्याच्याच गाडीतून आम्ही दोघे निघालो आणि उंब्रजला चहाला थांबलो. तिथं त्यानं सांगितलं, की गेला आठवडाभर दुपारी तो वॉर्डाबाहेरच्या बाकड्यावर जाऊन बसत होता. नावं तिथल्या सिस्टर घालायच्या. त्या त्याला म्हणाल्या होत्या, "आवं सर, ज्याला घरनं दोन टाइम डबा येतो त्याचंच नाव घालायचं. घरी उठवाया-बसवाया माणूस नसंल, तर व्यायाम करून घेनार कोण?"

"डबा केसपेपरवर न्हाई गड्या," तो चहा फुंकत म्हणाला. "तुझा स्कोअर लिवलेलंच जुळवतो. डबेवाल्याची जोडी तू बिनडब्याच्या म्हाताऱ्याशी लावलीयास, आन् तक्त्यात ते दिसायचं न्हाई. घरी सून हाय म्हनून बी चालला असंल त्यो."

"आणखी केसपेपर घेतले तर?"

"तर तीच चूक जास्त खात्रीनं करशील."

"मग हे साताऱ्यात सगळ्यांम्होरं उठून सांगायचं हुतंस की," मी म्हणालो.

"कशापायी? काम तुझं हाय."

चारचौघांत त्यानं मला तोंडावर पाडलं असतं तर बरं झालं असतं. निदान त्याचा राग तरी मनासारखा करता आला असता. पण त्यानं चहाचे पैसेसुद्धा दिले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

साताऱ्यात मी जोड्या दाखवल्या, तक्ता दाखवला आणि म्हणालो, "पण एक गोष्ट या गणितानं दुरुस्त होत नाही." मग डब्याचं सांगितलं. कोणीतरी विचारलं, हे कळलं कसं? मी म्हणालो, "वॉर्डाबाहेर आठवडाभर बसलो होतो."

तो तिसऱ्या रांगेत वहीत काहीतरी लिहीत होता. त्यानं मान वर केली नाही. उपक्रम सगळीकडे नेणं थांबलं. घरी सांभाळायला कोण आहे ते आधी केसपेपरवर लिहायचं आणि पुढची नावं चिठ्ठ्या टाकून घालायची, असं ठरलं. मोठ्या डॉक्टरांनी पाठ थोपटली. "असा माणूस पाहिजे," म्हणाले. येताना त्यानं उंब्रजला गाडी थांबवली नाही.

जागा मला मिळाली. आमची दोघांची जोडी मी किती वर्षं मनात लावत आलो होतो: गाव तेच, शाळा तीच, गुण तेच, मग हाक त्यालाच का? ते बाकडं माझ्या हिशेबात कधी नव्हतंच. तो अजून दुपारी वॉर्डाकडे जातो, आणि जाताना दिसला की माझ्या पोटात अजून दुखतं.

नव्या मुलांना मी दरवर्षी डब्याची गोष्ट सांगतो. ती त्यांना फार आवडते. गोष्टीत बाकड्यावर बसलेला मीच असतो.