हारांच्या आड आलेली बाई

माझे यजमान लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करतात. जाम गावात चौकाजवळ दुकान, मागच्या खोलीत संसार. लग्नसराईत लाईट धरायला मी जाते. ते काम मला आवडतं, कारण लाईट धरणाऱ्या बाईकडे कोणी बघत नाही.

वडनेरच्या लग्नात मात्र हार घालताना नवरदेवाला मित्रांनी उचललं, मग नवरीला तिच्या मामांनी उचललं. त्या रेटारेटीत लाईटचा स्टँड कलला. तो सावरायला मी पदर दातात धरून, वाकून, कॅमेऱ्यासमोरून पळाले.

पुढे नवरी आणि तिची आई व्हिडिओ बघायला दुकानात आल्या. मी चहा देत होते. आई म्हणाली, "दादा, हे लाल साडीवाली कोन व्हय? काढून टाका तिले." मी कपबशी ठेवून आत पळाले. मनात मात्र हायसं वाटलं. आता कोणाच्याच टीव्हीवर मी दिसणार नव्हते.

यजमान कॉम्प्युटरवर कामाला बसले, मी शेजारी. व्हिडिओत हारांच्या आधीही एका ठिकाणी मी भिंतीजवळून गेले होते. तिथे कॅमेरा स्टँडवर होता. त्यांनी मी येण्याआधीची रिकामी भिंत घेतली, तेवढाच तुकडा कापून माझ्यावर ठेवला. मी गेले. सावली तेवढी भिंतीवरून एकटीच चालत होती. तुकडा थोडा मोठा केल्यावर तीही गेली.

हारांच्या वेळी कॅमेरा हातात होता, हलत होता. म्हणून मागच्या फुलांच्या पडद्याचा तुकडा माझ्यावर ठेवून त्याला चालवायला चित्रातली एक खूण द्यावी लागणार होती; खूण हलेल तसा तुकडा हलतो. यजमानांनी सगळ्यात ठळक दिसतो म्हणून मामांचा लाल फेटा दिला. मामा तर नाचत होते. मामा वाकले की फुलांचा पडदाही वाकायचा आणि नवरदेवाच्या तोंडावर बसायचा. मग मागच्या खांबाची खूण दिली. पडदा जागेवर राहिला, पण मी नवरीच्या अगदी पुढून गेले होते. माझ्यामागे ती काय करत होती हे कॅमेऱ्याने पाहिलंच नव्हतं. यजमानांनी तिचा आधीचा चेहरा चिकटवला. नवरीची मान खाली गेली, चेहरा वरच हसत राहिला. तुकडे मला पुरे पडले नाहीत; माझे दोन पाय आणि दातातला पदर खाली धावत होते.

दोघी परत आल्या. ते बघून नवरी रडकुंडीला आली. हार घालतानाचं दुसरं चित्रण नव्हतं. यजमान म्हणाले अजून प्रयत्न करतो. मला माहीत होतं, काही होणार नाही.

मी दारातूनच म्हणाले, "ताई, ते बाई मीच व्हय. मले पुरी राहू द्या. अर्धी जास्त दिसून राह्यली."

नवरीने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा कॉम्प्युटरवरच्या पायांकडे. मग तिला हसू आवरेना.

"काकू, राहा तुमी," ती म्हणाली. "पन पदर तरी तोंडातून काढाले पायजे होता."